मनीषनगरमधलं एक स्वयंपाकघर: फुगलेला बोर्ड, प्लायवूडचा खर्च आणि घरचं सागवान

पार्श्वभूमी

हे प्रकरण नागपुरातल्या मनीषनगर भागातल्या एका तळमजल्यावरच्या फ्लॅटचं आहे. घरात नवरा-बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि नवऱ्याचे वडील. ओळख कळू नये म्हणून नावं आणि काही बारीक तपशील बदलले आहेत. मोजमापं आणि निर्णय मात्र जसे झाले तसेच दिले आहेत. मी घरांच्या आतल्या लाकडी कामाचा सल्ला देतो. या कुटुंबाने मला बोलावलं तेव्हा त्यांचं मॉड्युलर किचन पाचव्या वर्षात होतं.

स्वयंपाकघर एल आकाराचं आहे. वर ग्रॅनाइटचा ओटा, खाली ट्रॉल्या आणि कपाटं, भिंतीवर वरची कपाटं आणि त्यांच्यावर छतापर्यंत लॉफ्ट. सगळे बॉक्स १८ मिलिमीटरच्या प्रीलॅमिनेटेड पार्टिकल बोर्डचे होते. कारखान्यात कापून, कडांना पीव्हीसी पट्टी लावून आलेले आणि घरी फक्त जोडलेले. पहिली तीन वर्षं कसलीच तक्रार नव्हती. चौथ्या पावसाळ्यात सिंकखालच्या कपाटाचं दार लागेनासं झालं, आणि पाचव्यात त्याची खालची बिजागरी स्क्रूसकट हातात आली.

घरात तीन मतं होती. वहिनींना सगळं काढून प्लायवूडचं किचन हवं होतं. नवऱ्याचं म्हणणं, एकच कपाट बिघडलंय तर तेवढंच बदलू. काकांकडे, म्हणजे वडिलांकडे, ब्रह्मपुरीजवळच्या गावातलं जुनं घर पाडताना निघालेल्या सागवानी फळ्या होत्या. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवानाची ख्याती वेगळी सांगायला नको. दिल्लीच्या नव्या संसद भवनालाही बल्लारशाहचं सागवान गेलं. काकांचा प्रश्न सरळ होता: घरात असं लाकूड पडलेलं असताना भुश्याचा बोर्ड किंवा प्लाय कशाला आणायचा?

नेमकं काय बिघडलं होतं

साहित्य कोणतं घ्यायचं हा प्रश्न लोक सहसा आधी विचारतात. आम्ही आधी पाणी कुठून आलं ते शोधलं. सिंकखालचं कपाट पूर्ण रिकामं केलं, स्कर्टिंगची पट्टी ओढून काढली आणि टॉर्च लावून मागच्या कोपऱ्यात बघितलं.

तळाचा बोर्ड समोरच्या कडेला व्यवस्थित १८ मिलिमीटर होता. मागे, सांडपाण्याच्या पाइपसाठी पाडलेल्या भोकाभोवती तो जाडी मोजायच्या व्हर्नियरने २३ मिलिमीटर भरला. भोकाच्या कडेला बोट लावलं की भुसा गळत होता. वरचं लॅमिनेशन मात्र शाबूत, त्यावर एक डागही नव्हता. म्हणून तर घरच्यांना इतके दिवस काही कळलं नाही.

पार्टिकल बोर्ड वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून सहसा पाणी पीत नाही; तिथे मेलामाइनचा थर असतो. तो पाणी पितो उघड्या कडेतून. कारखान्याने चारही बाहेरच्या कडांना पट्टी लावली होती. पण पाइपचं भोक फिटरने घरी, होल-सॉने पाडलं होतं, आणि त्या गोल कडेला काहीच लावलेलं नव्हतं. ग्रॅनाइट आणि सिंक यांच्यातलं सिलिकॉन एका बाजूने सुटलेलं होतं. भांडी घासताना उडालेलं पाणी त्या फटीतून पाइपवर उतरायचं आणि पाइपवरून ओघळत नेमकं त्या भोकाच्या कच्च्या कडेवर थांबायचं. धार कधीच नव्हती, रोज थोडे थेंब. तेवढं पुरलं.

लाकडाचे बारीक तुकडे गरम दाबाखाली दाबून, गोंदाने धरून हा बोर्ड बनतो. पाणी लागलं की ते दाबलेले तुकडे पुन्हा मोकळे होऊ पाहतात आणि त्यांच्यातला गोंदाचा जोड तुटतो. म्हणून वाळल्यावरही फुगवटा पूर्ण उतरत नाही, आणि त्या जागी स्क्रू धरत नाही. बिजागरी सुटली ती यामुळेच. तळाच्या बोर्डातलं पाणी बाजूच्या उभ्या फळीत खालून चढलं होतं, आणि बिजागरीची प्लेट त्याच फळीवर होती.

दुसरी जागा स्कर्टिंगची. ओट्याखालचे बॉक्स चार इंची प्लास्टिकच्या पायांवर उभे होते, ही चांगली गोष्ट. पण पाय झाकणारी पट्टी त्याच पार्टिकल बोर्डची आणि थेट फरशीला टेकलेली. रोजच्या ओल्या पोछ्याने तिची खालची कड सगळीकडे फुलली होती.

त्यानंतर आम्ही बाकीचं किचन मोजलं, आणि मला वाटतं या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगी काम तेच होतं. भिंतीवरच्या कपाटांची जाडी खालच्या कडेला मोजली: १८ आणि १८.२ च्या मध्ये. लॉफ्ट तसाच. अपवाद एकच, गॅसच्या वरचं, चिमणीला लागून असलेलं कपाट. त्याची खालची कड १९ च्या जवळ गेली होती आणि पट्टी एका टोकाला उकलली होती, कारण वाफ थेट तिथे लागते. म्हणजे पाच पावसाळे काढूनही नुसत्या दमट हवेने या बोर्डाचं फारसं काही बिघडवलं नव्हतं. बिघाड झाला तिथे एकतर पाणी टेकत होतं किंवा वाफ थेट लागत होती.

नागपूरची हवा लाकडाला काय करते

मुंबई-कोकणातल्या सल्ल्यावर नागपुरात काम करू नये, असं माझं ठाम मत आहे. तिथे हवा वर्षभर दमट, इथे ती दोन टोकांना झुलते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि दुपारची सापेक्ष आर्द्रता विशीच्या आसपास येते. जुलै-ऑगस्टच्या सकाळी तीच ऐंशीच्या वर असते. लाकूड हवेशी जुळवून घेतं. मेच्या त्या हवेत उघडं लाकूड बराच काळ राहिलं तर त्यातली ओल ४-५ टक्क्यांपर्यंत उतरू शकते, आणि ऑगस्टच्या हवेत १६-१७ टक्क्यांपर्यंत चढू शकते. घराच्या आत, पॉलिश केलेल्या लाकडात हा झोका लहान असतो, पण असतो.

त्यात कूलर. या घरात हॉलच्या खिडकीत मोठा कूलर आहे आणि स्वयंपाकघराचं दार हॉलमध्येच उघडतं. उन्हाळ्यात कूलरमुळे आतली हवा बाहेरच्याइतकी कोरडी राहत नाही. लाकडाच्या दृष्टीने ते ठीकच. खरा त्रास जुलैपासून. पाऊस उघडला की उकडतं आणि लोक पुन्हा कूलर लावतात. तेव्हा आधीच ओल्या हवेत आणखी ओल जाते, आणि ती ओटा व भिंतीमधल्या बंद जागेत साचते. या घरात सिंकमागच्या भिंतीवर हलकी बुरशी होती, तिचं कारण मला हेच दिसलं.

म्हणजे या किचनपुढे दोन वेगळे प्रश्न होते. एक, सिंक, फरशी आणि वाफेजवळ टेकणारं पाणी. दुसरा, वर्षभरात लाकडाचं आकसणं आणि फुगणं. पार्टिकल बोर्ड पहिल्या प्रश्नात नापास होतो, भरीव लाकूड दुसऱ्यात. प्लायवूड दोन्हींत तग धरतं, पण त्याच्याही अटी आहेत.

कोणते पर्याय समोर होते

*सगळं किचन प्लायवूडचं करणं.* वहिनींनी दोन ठिकाणांहून भाव आणले होते. दोन्हींत "वॉटरप्रूफ प्लाय" एवढंच लिहिलेलं. या शब्दाला काही अर्थ नाही, तो कोणत्याही शीटवर छापता येतो. विचारायचं ते भारतीय मानक, म्हणजे आयएस क्रमांक. घरगुती कामात तीन दर्जे भेटतात. एमआर म्हणजे ओलाव्याला थोडा टिकणारा, यात युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. त्यावरचा, उकळत्या पाण्याला काही प्रमाणात टिकणारा बीडब्ल्यूआर, हे दोन्ही आयएस ३०३ खाली येत आलेत. आणि आयएस ७१० चा बीडब्ल्यूपी, ज्याला बाजारात मरीन प्लाय म्हणतात. यात फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो आणि चाचणीत तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात काढतो. एका भावपत्रकातला दर इतका कमी होता की ते एमआर असणार हे उघड होतं. दुकानदाराला विचारल्यावर त्याने ते मान्यही केलं.

पण ७२ तासांची ती परीक्षा गोंदाची आहे. आयएस ७१० चं प्लायवूडही उघड्या कडेतून पाणी पितं, थोडं फुगतं, काळं पडतं. फरक असा की त्याचे थर सुटत नाहीत, वाळल्यावर ते बरंचसं मूळ जाडीला येतं आणि स्क्रूची पकड टिकते. सिंकखाली आपल्याला तेवढंच हवं असतं.

प्लायवूडची उणी बाजू फार कमी लोक सांगतात: ते वाकतं. उंच शटर प्लायचं केलं, बाहेरून जाड सनमायका आणि आतून पातळ लायनर लावला, तर दोन बाजू वेगवेगळी ओल घेतात आणि शटर एका ऋतूत धनुष्याकृती होतं. पार्टिकल बोर्ड या बाबतीत चांगला. तो दोन्ही बाजूंनी सारखा असतो आणि सपाट राहतो. त्याला सरसकट कचरा म्हणणं मला पटत नाही.

*फक्त सिंकचं कपाट बदलणं.* सगळ्यात स्वस्त. पण शेजारच्या बॉक्सची उभी फळी तळाशी ओल मोजायच्या मीटरवर बाकीच्यांपेक्षा बरीच ओली दाखवत होती. (बोर्डात गोंद असल्याने त्यावर ओलीचा आकडा अचूक येत नाही, एका जागेची दुसऱ्याशी तुलना मात्र करता येते.) एक बॉक्स बदलून शेजारचा ठेवला असता तर वर्षभरात परत बोलावणं आलं असतं.

*सागवानाचं किचन.* काकांच्या फळ्या हातात घेऊन बघितल्या. सव्वा इंच जाड, सरळ रेषेच्या, गाभ्याच्या लाकडाच्या. फळ्या रंधणाऱ्या मिस्त्रीने लगेच सांगितलं, "साठ वर्षं जुनं लाकूड आहे भाऊ, आता ते काही फुगत नाही." हा समज लकडगंजच्या लाकूडबाजारातही जागोजागी ऐकू येतो. जुन्या लाकडातला ताण निघून गेलेला असतो, ते कमी पिळतं, हे खरं. पण ओल घेणं आणि सोडणं ते थांबवत नाही. तो लाकडाचा स्वभाव आहे.

म्हणून आम्ही कागदावर हिशोब मांडला. सागवान हे कमी हलणाऱ्या लाकडांपैकी आहे. तरी रेषांच्या आडव्या दिशेत, ओल एक टक्का बदलली की रुंदी साधारण ०.२ टक्के बदलते. मीटरवर एप्रिलमध्ये फळ्या ७ टक्के दाखवत होत्या. पावसाळ्यात घरात त्या १३ पर्यंत जातील असं धरलं, म्हणजे सहा टक्क्यांचा फरक. ४५० मिलिमीटर रुंदीचं शटर सरळ फळ्या जोडून केलं तर ते ऑगस्टमध्ये ५.४ मिलिमीटरने जास्त रुंद होणार. जोडीची दोन शटरं म्हणजे जवळजवळ ११. एवढी फट एप्रिलमध्ये सोडली तर दार खुळखुळणार, आणि नाही सोडली तर पावसाळ्यात उघडणार नाही. काकांनी तो कागद शांतपणे वाचला आणि एवढंच म्हणाले, "मग आपल्या जुन्या घराच्या दरवाज्यांना चौकट आणि दिलं असायचं, ते उगाच नव्हतं." हेच उत्तर होतं: बाहेर चौकट, आणि मधे तिच्या खाचेत सैल बसवलेली फळी, म्हणजे दिलं.

*ओट्याखाली लाकडी बॉक्सच न ठेवणं.* आपल्याकडे आधी कडप्प्याचे उभे भाग असायचे आणि त्यांना फक्त दारं. सिंकखालच्या जागेसाठी ही पद्धत अजूनही सर्वात टिकाऊ आहे. इथे मात्र ग्रॅनाइट बसलेला होता, त्याखाली दगड घालायला ओटा अर्धा उघडावा लागला असता. ओटा आधीच मोकळा असता तर मी यासाठीच आग्रह धरला असता.

काय ठरलं, आणि कशामुळे

शेवटी साहित्य एकच न निवडता प्रत्येक जागेला तिथे पोहोचणाऱ्या पाण्याप्रमाणे द्यायचं ठरलं. सिंकचा बॉक्स, त्याला लागून असलेला एक बॉक्स आणि गॅसवरचं वरचं कपाट आयएस ७१० प्लायवूडमध्ये. बाकीची वरची कपाटं आणि लॉफ्ट आहे तसाच पार्टिकल बोर्डचा. कोरड्या भिंतीकडचे ट्रॉलीचे बॉक्सही तसेच, फक्त त्यांची स्कर्टिंग बदलायची. सागवान जेवणाच्या बाजूच्या भांड्यांच्या उभ्या कपाटाच्या दारांना, आणि तेही चौकट-दिल्याच्या पद्धतीने.

वहिनींना हे लगेच पटलं नाही. अर्धं जुनं ठेवायचं म्हणजे पुन्हा तोच प्रकार होणार, ही त्यांची भीती रास्त होती. त्यांचं मन वळलं ते व्हर्नियरमुळे. वरच्या प्रत्येक कपाटाची कड त्यांनी स्वतः मोजली. पूर्ण प्लायच्या किचनच्या सुमारे निम्म्या खर्चात काम होणार होतं, हेही होतंच.

काम कसं झालं

प्लाय आणताना शीटवरचा आयएसआय शिक्का, आयएस ७१० हा आकडा आणि त्याखालचा सीएम/एल परवाना क्रमांक बघितला. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसतं. दुकानदार सांगत होता, "आतून लाल आहे बघा, गर्जनचं लाकूड आहे." लाल रंगावर भरवसा ठेवू नये, तो नुसता रंगही असू शकतो. कड बघावी. थरांमध्ये पोकळी आहे का, थर सारख्या जाडीचे आहेत का. आणलेल्या एका शीटच्या कडेला काडेपेटीची काडी जाईल अशी फट दिसली. ती परत केली.

एक तुकडा घरी उकळूनही बघितला. हाताच्या पंज्याएवढा तुकडा, जुन्या पातेल्यात, दिवसभर. सोबत स्वस्त भावपत्रकवाल्या दुकानातून आणलेला तुकडा. तो दुपारपर्यंत कडेला पत्त्यांसारखा उकलला. आयएस ७१० चा तुकडा गडद झाला, किंचित फुगला, पण थर घट्ट राहिले. घरी ७२ तास उकळणं कुणाला शक्य नाही, त्यामुळे यातून बीडब्ल्यूआर आणि बीडब्ल्यूपी यांच्यातला फरक कळेलच असं नाही. एमआर मात्र नक्की ओळखू येतं.

पाइपचं भोक या वेळी पाइपपेक्षा अर्धा इंच मोठं पाडलं, म्हणजे पाइप कडेला टेकणारच नाही. भोकाच्या कडेला पॉलिश पेपर मारून तेलरंगाचे दोन हात दिले, आणि वाळल्यावर सिलिकॉनची गोल कडी केली. तळाच्या फळीच्या चारही कडांना दोन मिलिमीटरची पीव्हीसी पट्टी, मागच्या कडेलाही, जिथे कुणाचं लक्ष जात नाही. तळावर ॲल्युमिनियमचा उथळ ट्रे, कडा वर वळवलेल्या. गळती झाली तर पाणी ट्रेमध्ये साचून दिसावं, फळीत मुरू नये.

सिंकच्या बॉक्सला मागची फळी लावली नाही. भिंत तिथे उघडी ठेवली आणि शटरला खाली-वर जाळी दिली, म्हणजे हवा खेळती राहील. सिंकभोवतीचं जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून, दोन दिवस सुकू देऊन, बुरशीरोधक सिलिकॉन नव्याने भरलं. स्कर्टिंग ॲल्युमिनियमची, क्लिपने निघणारी.

सागवानी दारांचं काम एप्रिलच्या शेवटी झालं, आणि महिन्याचा विचार आवर्जून केला. नागपुरात एप्रिल-मेमध्ये लाकूड वर्षातलं सर्वांत आकसलेलं असतं. तेव्हा घट्ट बसवलेलं दार जुलैत अडकणारच. उलट ऑगस्टमध्ये बनवलेलं दार उन्हाळ्यात फटी दाखवतं, म्हणून तेव्हा कमी फट पुरते. फळ्या आधी तीन आठवडे त्याच खोलीत, खाली पट्ट्या ठेवून रचल्या होत्या.

प्रत्येक दाराची चौकट ७० मिलिमीटर रुंद सागवानी पट्ट्यांची. मधलं दिलं सागवानी व्हिनिअर लावलेल्या पातळ प्लायचं, खाचेत बसवलेलं आणि गोंद न लावलेलं. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे असल्याने ते लांबी-रुंदीत जवळजवळ हलत नाही. म्हणजे जोडीच्या रुंदीत हलणारं लाकूड फक्त चार पट्ट्यांचं, २८० मिलिमीटर. पुन्हा तोच हिशोब: सहा टक्क्यांना सुमारे ३.४ मिलिमीटर. दोन बाजूंना आणि मधे अशा तीन फटी प्रत्येकी अडीच मिलिमीटरच्या सोडल्या, एकूण साडेसात. दारांना आतून आणि बाहेरून सारखंच पॉलिश. आतली बाजू कोरी सोडणं ही मिस्त्रींची नेहमीची सवय असते, आणि दारं वाकतात ती बहुतेकदा त्यामुळे.

निकाल

पुढच्या ऑगस्टच्या शेवटी, सलग पावसाच्या आठवड्यानंतर, पुन्हा मोजमाप घेतलं. सागवानी चौकट मीटरवर १२ ते १३ टक्के होती. दोन दारांच्या मधली फट अडीचवरून दीडच्या खाली आली होती, बाजूच्या फटीही तशाच कमी झाल्या होत्या, आणि दारं अलगद उघडत होती. काकांनी मधल्या फटीत पोस्टकार्ड सरकवून बघितलं आणि ते गेलं.

सिंकखाली प्लायची कड सर्वत्र १८ च्या आसपास, भोकाभोवतीसुद्धा. मधे एकदा वॉटर प्युरिफायरची नळी सुटून ट्रेमध्ये पाणी भरलं होतं. वहिनींना ते त्याच संध्याकाळी दिसलं. जुन्या बॉक्समध्ये हेच पाणी तळात मुरलं असतं. भिंतीवर बुरशी पुन्हा दिसली नाही. पाऊस पडत असताना कूलर न लावता पंखा आणि एक्झॉस्ट चालवायचं घरच्यांनी ठरवलं, त्याचाही यात वाटा आहे.

एक गोष्ट बिघडली. गॅसवरच्या कपाटाचं नवं प्लायचं शटर वरच्या टोकाला सुमारे चार मिलिमीटर बाहेर आलं. बाहेरून शेजारच्या शटरांशी जुळणारा एक मिलिमीटरचा चकचकीत सनमायका होता; आतून खर्च वाचवायला पातळ लायनर निवडला गेला होता. वाफ खालून लागत राहिली, आतल्या बाजूने जास्त ओल घेतली आणि शटर वाकलं. बिजागरीचे स्क्रू फिरवून दोन मिलिमीटर भरून निघाले, उरलेले नाही. ते शटर नंतर दोन्ही बाजूंना एकाच जाडीचा सनमायका लावून, प्रेसमध्ये दाबून नव्याने करून घेतलं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठा बदल पाच वर्षांपूर्वी, फार थोड्या पैशांत करता आला असता. पार्टिकल बोर्डचंच किचन घेतलं असतं पण घरी पाडलेल्या प्रत्येक भोकाची कड बंद केली असती, स्कर्टिंग ॲल्युमिनियमची घेतली असती आणि सिंकचा एकच बॉक्स आयएस ७१० मध्ये मागितला असता, तर मला बोलवायची वेळ बहुधा आली नसती. विक्रेते एकाच साहित्यात भाव देतात कारण त्यांना तसं सोपं जातं. ग्राहकाने बॉक्सनिहाय भाव मागायला हवा, आणि फिटर ड्रिल घेऊन येतो त्या दिवशी घरात कुणीतरी हजर असायला हवं.

गॅसवरच्या शटरसाठी प्लायऐवजी दोन्ही बाजूंनी लॅमिनेट केलेला सपाट बोर्ड, कडा नीट बंद करून, चालला असता असं मला वाटतं. बॉक्स प्लायचा आणि शटर बोर्डचं, ही जोडी वाफेच्या जागीसुद्धा वाईट नाही, कारण शटरला बॉक्ससारखं वजन पेलायचं नसतं, सपाट राहायचं असतं.

सागवानाच्या बाबतीत एक प्रश्न अजून उघडा आहे. दारांची चौकट एप्रिल ते ऑगस्ट या एका फेरीत नीट चालली, पण मीटर १३ च्या वर गेला नाही. एखाद्या वर्षी पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळला तर ओल आणखी चढेल, आणि त्या वर्षी उरलेली फट पुरते का ते तेव्हाच कळेल. मिस्त्रीला सांगून ठेवलंय की दार अडकलं तरी पावसाळ्यात लगेच रंधा मारायचा नाही. डिसेंबरपर्यंत थांबायचं, लाकूड बसलं की पुन्हा मोजायचं, आणि तेव्हाही घासत असेल तरच कड उतरवायची. ओल्या दिवसांत रंधलेलं दार मे महिन्यात फट दाखवतं, आणि तेवढं लाकूड मग परत लावता येत नाही.